नोकरकपातीचे पत्र हाती आले, तर सही करण्याआधी

समजा, तुमच्या हाती कंपनीचे पत्र आले आहे. 'काम कमी झाल्याने आपली सेवा ३१ डिसेंबर २०२५ पासून समाप्त करण्यात येत आहे. नुकसानभरपाई व ग्रॅच्युइटी मिळून रु. १,५६,८०० अंतिम हिशेबात ४५ दिवसांत देण्यात येतील. सोबतच्या कागदावर सही करून कंपनीच्या वस्तू जमा कराव्यात.' असे एक पत्र बडोद्याच्या एका कारखान्यातले मशीन ऑपरेटर आमच्या शाखेत घेऊन आले होते. त्यांचा प्रश्न साधा होता, ही रक्कम बरोबर आहे का? पत्रात एकच आकडा असला, की उत्तर देता येत नाही. तो आधी सुटा करावा लागतो.

ते १२ एप्रिल २०१८ ला कामाला लागले होते, म्हणजे सेवा सात वर्षे आणि आठ महिन्यांहून थोडी जास्त. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दरमहा २०,८०० रुपये. कपातीची भरपाई दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी असते आणि शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल, तर ते पूर्ण धरतात. म्हणून वर्षे आठ. येथे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणजे १०,४०० रुपये. आठने गुणले, की ८३,२०० होतात.

ग्रॅच्युइटीतही पंधराच दिवस आहेत, पण तेथे महिना २६ दिवसांचा धरतात. २०,८०० भागिले २६ म्हणजे रोजचे ८०० रुपये, पंधरा दिवसांचे १२,०००. आठ वर्षांचे ९६,०००. दोन्ही मिळून १,७९,२००. पत्रात १,५६,८०० होते, कारण कंपनीने दोन्हीकडे सातच वर्षे धरली होती. फरक २२,४०० रुपयांचा. कोणी मुद्दाम केले असेलच असे नाही; हिशेब करणाऱ्याने पूर्ण वर्षे मोजली आणि वरचे आठ महिने सोडून दिले, एवढेच.

याखेरीज एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, हा वेगळा हक्क आहे. उरलेल्या रजेचे पैसे नियमांप्रमाणे वेगळे. ते वरच्या आकड्यात मिसळलेले नाहीत ना, हे विचारून घ्या. मात्र कपातीची ही कायदेशीर भरपाई 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्या आणि किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय पदावर असाल, तर नेमणूकपत्रातील अटी काढून वाचा.

आता '४५ दिवस'. नवे कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. त्यांप्रमाणे शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, कपातीची भरपाई कामावरून कमी करतानाच, आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. म्हणजे या ग्राहकाच्या बाबतीत ग्रॅच्युइटीची मुदत ३० जानेवारीपर्यंत होती. ४५ दिवसांची मुदत आहे, पण ती नव्या कौशल्यासाठीच्या निधीतून खात्यात यायच्या पंधरा दिवसांच्या पगाराची. सगळ्यालाच ती लावता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी या हिशेबात येतच नाही, तो तुमच्या यूएएन खात्यात आहे. कंपनीने तेथे नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली का, तेवढे पाहा.

राहिला वस्तूंचा भाग. लॅपटॉप, हत्यारे, ओळखपत्र, गणवेश, जे असेल ते यादी करून द्या आणि तारखेची पोच घ्या. लॅपटॉपचा क्रमांक पोचेवर असू द्या. पोच नसेल, तर 'वस्तू मिळाली नाही' म्हणून शेवटच्या पगारातून कापाकापी सुरू होते आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसते.

एक वस्तू मात्र लगेच देऊ नका, ती म्हणजे कंपनीचे सिमकार्ड. बऱ्याच जणांचा बँकेत, आधारला आणि यूएएनला तोच नंबर दिलेला असतो. सिम गेले, की ओटीपी कंपनीच्या कपाटात जातो आणि निधी काढायच्या वेळीच अडचण होते. आधी शाखेत येऊन स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल नोंदवा, आधार व यूएएनमध्येही बदला, मग सिम जमा करा. पगाराचे खाते शेवटची रक्कम जमा होईपर्यंत बंद करू नका. काही महिने पगार आला नाही, तर त्याचे साधे बचत खाते होते आणि किमान शिलकीची अट लागू शकते, हे शाखेत विचारून ठेवा. कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल, तर पुढच्या दोन-तीन हप्त्यांपुरते पैसे तेथेच ठेवा.

'सर्व रक्कम मिळाली, माझी काही मागणी नाही' या कागदावर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. पत्राची पोच म्हणून सही हवी असेल, तर 'फक्त पत्र मिळाले, हिशेब मान्य नाही' असे हाताने लिहून खाली तारीख घाला. त्या ग्राहकाने तसेच केले, सोबत आठ वर्षांचा हिशेब लिहून दिला. कंपनीने दुरुस्त केलेले पत्र पाठवले. पुढे हिशेब मान्य झाला नाही, तर तुमच्या भागातल्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज करता येतो, सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या शेवटच्या पावत्या आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी.