सात मिनिटं झाली की पुढे

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात माझे दहा गुण कोरे राहिले. सी विभागातले दोन प्रश्न आणि डी विभागातला एक. तिन्ही येत होते, पण हात लावायला वेळच उरला नाही. तो सगळा एका तीन गुणांच्या प्रश्नाने खाल्ला.

केशनळीत पाणी h उंचीपर्यंत चढतं, हे पाठ होतं. प्रश्नात नळीच h पेक्षा आखूड होती: पाणी बाहेर सांडेल का? असा प्रश्न मी कधी सोडवला नव्हता. घाबरून पंचवीस मिनिटं खाडाखोड करत बसले. बारापैकी कुठलेही आठच सोडवायचे होते, हेसुद्धा विसरले.

आता पाड्यावरच्या मुलांना शिकवताना आधी हिशेब मांडायला लावते. सत्तर गुण, एकशेऐंशी मिनिटं. सुरुवातीची दहा मिनिटं नुसतं वाचन. आपल्याकडे घरी पावरी, दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. घाईत वाचलं की प्रश्नातला 'नॉट' हमखास सुटतो. ए विभागाला तीस मिनिटं. तिथे बहुपर्यायी प्रश्नाचं पहिलंच उत्तर तपासतात, म्हणून खोडून पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. बी विभागात आठ प्रश्न, प्रत्येकी साडेचार मिनिटं. सी मध्ये आठ, प्रत्येकी सात. डी मध्ये तीन, प्रत्येकी दहा. बेरीज एकशेबासष्ट. उरलेली अठरा मिनिटं अडलेल्या प्रश्नांसाठी आणि एककं तपासायला. बोर्ड शेवटी दहा मिनिटं जादा देतं, ती मी हिशेबात धरतच नाही. लॉगटेबल चाळण्यातच तेवढी जातात.

वाचतानाच अनोळखी प्रश्नापुढे पेन्सिलीने टिंब करायचं. आठ ओळखीचे सापडले तर टिंबाकडे वळायचंच नाही. सातच सापडले, तर ते लिहून झाल्यावर टिंबाकडे यायचं आणि विचारायचं, यातलं मला काय माहीत आहे?

त्या आखूड नळीचंच बघा. आकृती काढता येते. h = 2T cosθ / rρg हे सूत्र येतं. पाण्याच्या वक्र पृष्ठाची त्रिज्या R म्हणजे r/cosθ, म्हणून hR = 2T/ρg. उजवीकडचं सगळं स्थिर, तेव्हा h कमी झाली की R वाढणार. म्हणजे पाणी काठापर्यंत येतं, त्याचं पृष्ठ सपाट होत जातं आणि ते सांडत नाही. शेवटची ओळ नाही सुचली तरी आकृती आणि सूत्राचे गुण पदरात पडतात, कारण तपासणी पायऱ्यांनी होते.

परवा सराव पेपरात एक पोरगी सातव्या मिनिटाला अडली. अर्धं पान मोकळं सोडून तिने पुढचा प्रश्न घेतला. शेवटी तिथे परतली, तेव्हा चूक दिसली: त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता.