प्रसूतिकालीन गर्भहृदयगतीचा आलेख : खोलीपेक्षा वेळ महत्त्वाची



नांदुऱ्यातून खामगाव किंवा अकोल्यास पाठविलेल्या गर्भिणीचे नातेवाईक पुष्कळदा हाती कागदाची लांब पट्टी घेऊन आपल्याकडे विचारपूस करण्यास येतात. ही पट्टी म्हणजे कार्डिओटोकोग्राफ. वरची रेषा गर्भाच्या हृदयगतीची व खालची आवींची. निर्णय प्रसूतितज्ज्ञांनीच घ्यावयाचा असला तरी ही पट्टी वाचता येणे आपणांस अवघड नाही.

प्रथम कागदाचा वेग पाहावा. आपल्याकडे तो सामान्यतः मिनिटास १ सें.मी. असतो; काही यंत्रांवर ३ सें.मी. लावलेला आढळतो. तेव्हा तोच आलेख तिप्पट ताणला जाऊन सपाट भासतो व निरोगी गर्भाविषयीही उगाच शंका येते.

त्यानंतर आधाररेषा, म्हणजे बेसलाइन. दहा मिनिटांच्या पट्टीतील चढ व उतार वगळून उरणारी सरासरी गती मिनिटास ११० ते १६० असावी. मात्र गती ९०च्या आसपास स्थिर दिसल्यास मातेची नाडी हाताने मोजून पाहावी. यंत्र कधी कधी मातेच्याच रक्तवाहिनीचे ठोके उमटविते आणि आलेख दिसावयास उत्तम असतो.

आधाररेषा सरळ नसते, ती थरथरते. या थरथरीस व्हेरिएबिलिटी म्हणतात. तिची रुंदी ५ ते २५ ठोके असावी. गर्भाच्या मेंदूकडून हृदयास येणारे परस्परविरोधी आदेश त्यातून दिसतात, म्हणून प्राणवायूची स्थिती जाणण्यास हीच खूण सर्वांत विश्वसनीय होय. गर्भ निद्रिस्त असता ती कमी होते, परंतु ही अवस्था सहसा ५० मिनिटांहून अधिक टिकत नाही. मातेस पेथिडीन किंवा मॅग्नेशियम सल्फेट दिले असल्यासही ती कमी होते. अॅक्सेलरेशन म्हणजे गती किमान १५ ठोक्यांनी वाढून किमान १५ सेकंद टिकणे. ते दिसल्यास निश्चिंत राहावे. प्रसूतिवेदना चालू असता न दिसल्यास तेवढ्यावरून घाबरू नये.

खरा घोटाळा डीसेलरेशनचा, म्हणजे गती उतरण्याचा. येथे उताराची खोली पाहून मत बनविणे ही नेहमीची चूक. अर्ली प्रकारात उतार उथळ असून आवीबरोबर सुरू होतो व तिच्याबरोबरच संपतो. शिरावरील दाबामुळे तो होतो व निरुपद्रवी असतो. व्हेरिएबल प्रकारात गती एकदम खाली कोसळते व तशीच झटकन वर येते. कारण नाभिनाडीवरील दाब. तो ८० पर्यंत गेला तरी थोडा वेळच टिकत असेल व मधली थरथर चांगली असेल, तर गर्भ तो बहुधा सोसतो. लेट प्रकार दिसावयास सर्वांत सौम्य. आवी सुरू झाल्यावर २० सेकंदांहून अधिक काळाने गती सावकाश उतरू लागते, आवीच्या शिखरानंतर तळ गाठते आणि आवी संपल्यावर पूर्ववत होते. अपरेतून मिळणारा प्राणवायू आवीच्या काळात अपुरा पडतो, असा त्याचा अर्थ.

एक उदाहरण घेऊ. ३९ आठवड्यांची पहिलटकरीण, गर्भाशयमुख ५ सें.मी. उघडलेले, ऑक्सिटोसिनची सलाइन चालू. आधाररेषा १४०, थरथर सुमारे १० ठोक्यांची. प्रत्येक आवीनंतर गती केवळ १२० पर्यंत उतरते. आकडा ११० च्या वरच आहे, मग काळजी कसली, असे वाटते. परंतु खालची रेषा वरच्या रेषेशी जुळवून पाहिल्यास उताराचा तळ दर वेळी शिखरानंतर येतो. हे लेट डीसेलरेशन आहे. आता त्याच रेषेवर आवी मोजाव्या. दहा मिनिटांत सहा! पाचांहून अधिक आवी म्हणजे अतिरेक. दोन आवींमध्ये गर्भास सावरण्यास अवधीच मिळत नाही. कारण सलाइनमध्येच सापडले. ती बंद करून गर्भिणीस डाव्या कुशीवर वळविले व तज्ज्ञांस बोलाविले. आवी चारांवर आल्या, पंधरा मिनिटांत उतार नाहीसे झाले आणि अॅक्सेलरेशन दिसू लागले. थरथर टिकून होती म्हणूनच थांबण्यास अवसर मिळाला. तीच ५ हून कमी असती व वारंवार येणारे लेट उतार २० मिनिटांहून अधिक चालू राहिले असते, तर आलेख विकृत ठरून त्वरित प्रसूतीचा विचार करावा लागला असता. थरथर चांगली असता हीच मर्यादा ३० मिनिटांची.

हे सर्व खालच्या रेषेवर अवलंबून आहे. पोटावरील पट्टा सरकला की आवी उमटत नाहीत व उताराचा प्रकार सांगता येत नाही. अशा वेळी हात ठेवून आवी मोजाव्या व पट्टीवर पेनने खुणा कराव्या. हा पट्टा आवीची वेळ दाखवितो, तिचा जोर नव्हे.

ज्यांच्याकडे यंत्र नाही, केवळ डॉप्लर आहे, त्यांनी आवी संपताच पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे. पहिल्या अवस्थेत दर १५ मिनिटांनी व दुसऱ्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी. लेट उतार आवीच्या मागाहून रेंगाळतो, तो याच मिनिटात सापडतो. दोन आवींच्या मध्यावर ऐकल्यास तो सुटून जातो.

जाता जाता, ही पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असते. आपल्याकडील उन्हाळ्यात ती लवकर पुसट होते, म्हणून त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून त्यावर तारीख, वेळ व कागदाचा वेग लिहून ठेवावा.