मध्यम म्हणजे नक्की केवढा?

1. भाची नोकरीसाठी अमेरिकेला गेली तेव्हा तिला बटाट्याच्या रश्शाची कृती लिहून दिली होती: चार मध्यम बटाटे, दोन मध्यम कांदे, दोन मध्यम टोमॅटो. आठवड्याने फोन आला, "मावशी, रस्सा कुठंय यात? नुसते बटाटेच आहेत." चूक तिची नव्हती. तिथला मध्यम बटाटा दोनशे ग्रॅमच्या पुढे भरतो, माझ्या टोपलीतला शंभराच्या आसपास. तिने चारच घेतले, पण पातेल्यात साडेआठशे ग्रॅम गेले. मला अपेक्षित होते चारशे. सालं काढून फोडी केल्यावर माझे सव्वादोन कप होतात, तिचे पावणेपाच झाले. मसाला आणि पाणी मात्र माझ्याच मापाचं.

2. तेव्हापासून मी आकारावर विसंबत नाही, वजन करते. माझ्या स्वयंपाकघरात मध्यम कांदा म्हणजे शंभर-एकशेदहा ग्रॅम, किलोत नऊ-दहा बसतात. साल, शेंडा आणि बूड गेलं की नव्वद-शंभर ग्रॅम हाती लागतात. मध्यम टोमॅटो नव्वदचा. त्याचं देठ सोडलं तर काही वाया जात नाही.

3. कप किती भरतो ते चिरण्यावर ठरतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. सोललेला शंभर ग्रॅम कांदा बारीक चिरला तर दोनशे चाळीस मिलिलिटरचा कप दोन तृतीयांश भरतो. तोच पातळ उभा चिरला तर कप जवळजवळ भरलेला दिसतो, कारण कापांमध्ये हवा राहते. म्हणून "एक कप कांदा" वाचल्यावर मी आधी तो चिरायचा कसा ते बघते. बारीक चिरायचा असेल तर दीड कांदा लागतो, उभा असेल तर एकावर थोडासा. आणि कपात दाबून भरायचा नाही.

4. टोमॅटोचं उलट. तो रसदार, फोडी एकमेकींना चिकटून बसतात. चिरलेल्या टोमॅटोचा कप एकशेऐंशी ग्रॅमचा, म्हणजे आपले दोन मध्यम. बटाट्याच्या फोडींचा कप दीडशे ग्रॅमचा.

5. कप कुठला तेही बघा. राइस कुकरसोबत येणारा कप एकशेऐंशी मिलिलिटरचा असतो, पाऊण कपच म्हणायचा. आमटीची वाटी तर घरोघरी वेगळी. मी दोन-तीनदा या कुकरच्या कपानेच मोजलं आणि भाजी कमी का पडली म्हणून भाजीवाल्याला दोष देत बसले.

6. भाचीच्या कागदावर आता लिहिलंय: बटाटे चारशे ग्रॅम, कांदे दोनशे, टोमॅटो एकशेऐंशी, सगळं सोलण्याआधीचं वजन. कोथिंबीर अजून मूठभरच आहे.