व्हिडिओ सुधारला आणि शेवटचे चौकोन गायब झाले: यूट्यूबवरच्या एंड स्क्रीन आणि कार्डांविषयी



गेल्या महिन्यात एका पालकांचा फोन आला. "सर, तुम्ही शेवटी बाण दाखवून म्हणता की पुढचा भाग इथे आहे, त्यावर दाबा. पण तिथं तर काहीच नाही. पोरगी नुसती दाबत बसलीय." मी व्हिडिओ उघडून पाहिला, तर खरंच! माझा हात रिकाम्या फळ्याकडे बोट दाखवत होता. आठवडाभरापूर्वी तिथे पुढच्या भागाचा चौकोन होता. मधल्या काळात मी फक्त शीर्षकातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत पडद्यावर जे चौकोन आणि गोल दिसतात, म्हणजे पुढचा व्हिडिओ, प्लेलिस्ट, सबस्क्राइबचं बटण, त्यांना एंड स्क्रीन म्हणतात. व्हिडिओ चालू असताना वरच्या कोपऱ्यात छोटी पट्टी सरकते, ते इन्फो कार्ड. या दोन्ही गोष्टी आपल्या व्हिडिओच्या फाइलमध्ये नसतात. यूट्यूब त्या वरून चिकटवतं, जशी आपण वहीच्या पानावर चिठ्ठी चिकटवतो. त्यामुळे पान तसंच राहून चिठ्ठी निघून जाऊ शकते. आणि वहीच बदलली, म्हणजे व्हिडिओ मोबाइलमधल्या ॲपवर कापून पुन्हा अपलोड केला, तर यूट्यूबच्या दृष्टीने तो नवाच व्हिडिओ होतो. जुन्या चिठ्ठ्या त्याच्यावर येत नाहीत, त्या पुन्हा लावाव्या लागतात. बऱ्याच जणांचं कोडं इथेच सुटतं.

माझं सुटलं नाही, कारण मी पुन्हा अपलोड केलंच नव्हतं. व्हिडिओही चांगला नऊ मिनिटांचा होता. (एंड स्क्रीनसाठी तो किमान २५ सेकंदांचा असावा लागतो.) ज्या व्हिडिओकडे चौकोन नेत होता तो खाजगी केला किंवा काढून टाकला, तरी चौकोन दिसत नाही. पण माझा पुढचा भागही जागच्या जागी होता.

मग एक गोष्ट लक्षात आली. व्हिडिओखालच्या कमेंटही बंद झाल्या होत्या. ही खूण फार उपयोगाची आहे. एंड स्क्रीन, कार्ड आणि कमेंट तिन्ही एकदम गेली असतील, तर चिठ्ठी निघालेली नसते, व्हिडिओची जातच बदललेली असते. यूट्यूब स्टुडिओत Content उघडलं आणि Restrictions या रकान्यात पाहिलं, तर माझ्या चौदाही व्हिडिओंसमोर Made for kids असं लिहिलेलं!

कसं झालं असेल? शीर्षकं दुरुस्त करताना मी चौदा व्हिडिओ एकदम निवडून बदल केले होते. त्यात मध्येच Audience चा प्रश्न आला, हे मुलांसाठी आहेत का? तिसरीचा वर्ग आहे, मुलांसाठीच तर आहेत, असं म्हणून मी 'हो' केलं आणि विसरलो. या एका उत्तरावर कार्ड, एंड स्क्रीन, कमेंट, घंटी, हे सगळं बंद होतं.

यामागे अमेरिकेतला एक कायदा आहे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा करायची नाही, असा तो १९९८ चा कायदा. याच प्रकरणात २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर जगभरातल्या प्रत्येक चॅनलला आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगणं सक्तीचं झालं आणि जानेवारी २०२० पासून मुलांच्या व्हिडिओंवरच्या या सोयी बंद झाल्या.

आता सोपा उपाय समोर दिसतो. No, it's not made for kids वर टिक करा आणि चौकोन परत लावा. एका सहकारी बाईंनी मला तेच सुचवलं, "करून टाका हो सर, कोण बघतंय?" मला ते पटेना. आठ वर्षांच्या मुलांशी मी त्यांच्याच भाषेत बोलतोय, भाकरीचे तुकडे करून पाव, अर्धा, पाऊण दाखवतोय, आणि वर लिहून देतोय की हे मुलांसाठी नाही! शिवाय ही खूण यूट्यूब स्वतःही बदलू शकतं. तसं झालं की ती आपल्या हातात राहत नाही, अपील करत बसावं लागतं.

म्हणून चौदाही व्हिडिओ पुन्हा एकेक करून पाहिले. बारा सरळ मुलांसाठीचे धडे होते. उरलेले दोन मात्र पालकांसाठी होते: घरी अपूर्णांकांचा सराव कसा घ्यावा आणि मूल पाव व पाऊण यांत गोंधळतं तेव्हा काय करावं. विषय मुलांचा असला तरी बोलणं मोठ्यांशी आहे. असा व्हिडिओ मुलांसाठीचा ठरत नाही. एखादं मूल चित्रात दिसलं तरी तेवढ्याने ठरत नाही. या दोघांचं उत्तर बदललं, स्टुडिओत एंड स्क्रीन आणि कार्ड आहेत का ते तपासलं, वेळा पाहून घेतल्या आणि कमेंटची सेटिंगही बघितली. हे तपासणं टाळू नका, उत्तर बदललं की सगळं आपोआप जागेवर येईल असं धरून चालू नये.

बाकी बारांचं काय? त्यांना एंड स्क्रीन नाही, हे मान्य केलं. पण रिकाम्या फळ्याकडे बोट दाखवणारी शेवटची बारा सेकंदं तशीच ठेवणं म्हणजे मुलांची फसवणूक. ती स्टुडिओच्या Editor मध्ये Trim & cut ने कापली. इथे कापल्याने व्हिडिओची लिंक, व्ह्यूज तेच राहतात, फक्त जतन झाल्यावर नवा भाग दिसायला वेळ लागतो. तोवर जुनाच चालतो, घाबरू नये. नवं बोलणं मात्र तिथे घालता येत नाही. त्यासाठी पुन्हा अपलोड, म्हणजे नवी लिंक. वर्गाच्या ग्रुपवर वाटलेल्या जुन्या लिंका मोडायला मी तयार नव्हतो.

मग शीर्षकातच आकडा घातला, "भाग ४: पाव आणि पाऊण", आणि बाराही भाग क्रमाने एका प्लेलिस्टमध्ये लावले. प्लेलिस्टमधून व्हिडिओ सुरू केला की पुढचा त्याच क्रमाने येतो, त्याला चौकोनाची गरज नाही. फक्त ग्रुपवर पाठवताना प्लेलिस्टची लिंक पाठवा, सुट्या व्हिडिओची नको. ओळखायची कशी? लिंकमध्ये `list=` ही अक्षरं असतात. ती नसतील तर पालकांना एकच भाग मिळेल आणि तो संपल्यावर मूल कुठे जाईल ते यूट्यूब ठरवेल.

त्या पालकांना मी प्लेलिस्टची लिंक पाठवली. संध्याकाळी निरोप आला, "सर, आता चाललंय. पण भाग सातचा आवाज फार बारीक आहे." तो दुसरा विषय, त्यावर पुढच्या वेळी लिहीन.