बँकांचे विलीनीकरण आणि खातेदार : जुने सांकेतिक क्रमांक, धनादेश व पासबुके

दोन बँकांचे विलीनीकरण होते तेव्हा शाखेवरील नामफलक बदलतो, त्याकडे सर्वांचे लक्ष जाते. खातेदाराच्या व्यवहारावर खरा परिणाम करणारा बदल मात्र नंतर, बहुधा काही महिन्यांनी, घडून येतो. जुन्या बँकेचे सांकेतिक क्रमांक त्या दिवशी बंद होतात. फलक बदलला त्या दिवशी काहीच अडले नाही, म्हणून पुढेही अडणार नाही अशी समजूत झाल्यामुळे अनेक कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती नेमक्या या दुसऱ्या दिवशी अडचणीत येतात.

सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. केंद्र शासनाच्या योजनेनुसार १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. त्या दिवसापासून सिंडिकेट बँकेच्या ठेवी, कर्जे आणि करारमदार कॅनरा बँकेचे झाले. ठेवीदाराला त्यासाठी नवा अर्ज करावा लागला नाही. परंतु जुने आयएफएससी क्रमांक आणि जुनी धनादेश पुस्तके ३० जून २०२१ पर्यंत चालू ठेवण्यात आली. म्हणजे बँकेचे नाव बदलल्यावर तब्बल पंधरा महिने जुने क्रमांक चालत होते. दोन्ही बँकांच्या संगणकीय खतावण्या एकत्र करण्यास वेळ लागतो, म्हणून अशी मुदत ठेवली जाते. १ जुलै २०२१ पासून मात्र ते क्रमांक निरुपयोगी झाले.

क्रमांक बदलण्याचे कारण

आयएफएससी हा अकरा अक्षरांचा संकेत असतो. त्यातील पहिली चार अक्षरे बँक दर्शवितात, पाचवे स्थान शून्याचे असते आणि शेवटची सहा स्थाने शाखा सांगतात. सिंडिकेट बँकेची ओळख SYNB या चार अक्षरांनी, तर कॅनरा बँकेची CNRB या अक्षरांनी होत असे. सिंडिकेट ही स्वतंत्र बँकच उरली नाही, तेव्हा तिची चार अक्षरेही कालांतराने रद्द होणे क्रमप्राप्त होते. परंतु दोन्ही बँकांच्या शाखांना एकच शाखा क्रमांक असण्याचा संभव होता. यासाठी सिंडिकेटच्या शाखा क्रमांकात दहा हजार मिळवून नवा क्रमांक देण्यात आला. केवळ समजुतीसाठी एक क्रमांक घेतला, तर हा बदल असा दिसेल :

```
SYNB0001234  →  CNRB0011234
```

ही रीत फक्त या एका विलीनीकरणातील आहे. इतर बँकांनी वेगळ्या रीती स्वीकारल्या. म्हणून नवा क्रमांक अंदाजाने तयार करू नये. तो शाखेतून, नव्या धनादेशावरून किंवा बँकेने प्रसिद्ध केलेल्या यादीवरूनच घ्यावा.

धनादेशाच्या तळाशी छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक हा दुसरा संकेत होय. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईच्या क्रमांकाचा आरंभ ४०० ने होतो. मधल्या अंकांमध्ये सिंडिकेट बँकेसाठी ०२५, तर कॅनरा बँकेसाठी ०१५ असत. आता धनादेशाचा कागद एका बँकेतून दुसरीकडे जात नाही. त्याची प्रतिमा व तळाची ही अंकांची ओळ संगणकाद्वारे पाठविली जाते आणि कोणत्या बँकेकडून रक्कम यावयाची हे त्या ओळीवरून ठरते. मधले तीन अंक रद्द झाले की तो धनादेश योग्य बँकेपर्यंत पोहोचत नाही. खात्यात पुरेशी रक्कम असो, स्वाक्षरी बरोबर असो, तरी धनादेश न वटता परत येतो.

धनादेशाच्या दोन मुदती

धनादेशावर लिहिलेल्या तारखेपासून तो तीन महिने वैध असतो, हा नियम १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. विलीनीकरणाच्या काळात या मुदतीला दुसरी मुदत येऊन मिळते : जुनी धनादेश पुस्तके चालण्याचा अखेरचा दिवस. या दोहोंपैकी जी आधी संपेल ती खरी.

एका ग्रामपंचायतीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तिचे खाते पूर्वीच्या सिंडिकेट बँकेत आहे. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीपोटी सरपंच व ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने २१ जून २०२१ रोजी १८,५०० रुपयांचा धनादेश देण्यात आला, तो जुन्या पुस्तकातील होता. तीन महिन्यांच्या नियमाप्रमाणे तो सप्टेंबरमध्येही चालला असता. कंत्राटदाराने तो ५ जुलै रोजी आपल्या बँकेत भरला आणि तो परत आला. ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत रक्कम खर्ची पडलेली, बँकेच्या खात्यात मात्र ती शिल्लक, अशी तफावत निर्माण झाली.

येथे घाईने दुसरा धनादेश देऊन मोकळे होणे इष्ट नाही. प्रथम मूळ धनादेश व तो परत करताना बँकेने दिलेला मेमो कंत्राटदाराकडून परत घ्यावा. परत आलेल्या धनादेशाची नोंद रोकडवहीत जमेकडे घेऊन आधीचा खर्च निष्प्रभ करावा. त्यानंतरच नव्या पुस्तकातील धनादेश द्यावा आणि प्रमाणकावर दोन्ही धनादेशांचे क्रमांक लिहावेत. हा क्रम पाळला नाही तर एकाच देयकापोटी दोनदा रक्कम खर्ची पडल्याचे दिसून लेखापरीक्षणात आक्षेप येतो.

धनादेश घेणाऱ्यानेही सावध राहिले पाहिजे. अलाहाबाद बँक १ एप्रिल २०२० रोजी इंडियन बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने धनादेश ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चालत होते. अशा जुन्या बँकेचा एक धनादेश २०२३ मध्ये वटविण्यासाठी सादर झाला व परत आला. त्यावरून परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली कारवाई सुरू झाली होती. मुदत संपल्यावर सादर केलेला असा धनादेश वैध धनादेशच नव्हे, त्यामुळे तो परत आल्याने या कलमाखालील गुन्हा होत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरविले. याचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. तारण किंवा हमी म्हणून घेतलेले, पुढील तारखांचे धनादेश कपाटात असतील, तर ते मुदतीपूर्वीच बदलून घेतले पाहिजेत. ती मुदत उलटल्यावर त्यांच्या आधारे या कलमाखाली दाद मिळण्याची आशा फारशी राहत नाही.

पासबुक आणि त्याच्या प्रती

पासबुकाची स्थिती धनादेशाहून वेगळी आहे. पासबुक हे पैसे देण्याचे साधन नसून झालेल्या व्यवहारांची नोंद आहे. त्यामुळे त्यातील जुन्या नोंदींचे पुरावा म्हणून असलेले मूल्य विलीनीकरणाने नष्ट होत नाही. नवे पासबुक घेताना जुन्या पासबुकातील अखेरची शिल्लक आणि नव्यातील आरंभीची शिल्लक जुळते की नाही हे पाहावे आणि जुने पासबुक जपून ठेवावे. खाते क्रमांकही ताडून पाहणे आवश्यक आहे, कारण काही विलीनीकरणांत तो कायम राहतो, तर काहींत बदलतो. नामनिर्देशनाची नोंद नव्या खतावणीत आली आहे की नाही, याचीही त्याच वेळी खात्री करून घ्यावी.

खरा धोका पासबुकाच्या पहिल्या पानाच्या छायाप्रतींमध्ये असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, वेतनपत्रक, अनुदानाचा प्रस्ताव, विमा, प्राप्तिकराचा परतावा या सर्वांसाठी ती प्रत कधी ना कधी दिलेली असते आणि तिच्यावर जुना आयएफएससी असतो. बँक स्वतःच्या खतावणीतील क्रमांक बदलू शकते. दुसऱ्या कार्यालयाच्या नस्तीत किंवा संगणकात लिहिलेला क्रमांक तिला बदलता येत नाही. ते काम खातेदाराचे आणि त्या कार्यालयाचे आहे.

वरील ग्रामपंचायतीच्या गावातील शाळेत काही विद्यार्थ्यांची खाती त्याच शाखेत आहेत असे समजू. मुख्याध्यापकांनी जुलैमध्ये जुन्याच क्रमांकांची यादी पाठविली. एनईएफटीने पाठविलेली रक्कम अशा बंद क्रमांकावर जमा होत नाही, ती नाकारली जाते किंवा पाठविणाऱ्याच्या खात्यात परत येते. पैसे बुडत नाहीत, परंतु विद्यार्थ्याला वाटते की रक्कम मंजूर झाली नाही, आणि कार्यालयाला वाटते की ती दिली गेली. म्हणून रक्कम पाठविल्यानंतर पाठविणाऱ्या खात्याचा उतारा पाहणे हाच उपाय होय. पाठविलेल्या रकमेएवढीच रक्कम काही वेळाने जमा दिसली, तर ती परत आलेली आहे असे समजून त्या नावापुढील क्रमांक तपासावा.

आधार क्रमांकाच्या आधारे थेट जमा होणाऱ्या लाभाचा मार्ग वेगळा आहे. तेथे आयएफएससी नव्हे, तर आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे ही नोंद पाहिली जाते. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याचा एक लाभ सुरळीत जमा होतो आणि दुसरा परत जातो, असे घडू शकते. अशा वेळी बँकेची चूक गृहीत धरण्यापूर्वी दोन्ही रकमा कोणत्या मार्गाने पाठविल्या होत्या हे पाहणे उपयुक्त ठरते.

करावयाची कामे

विलीनीकरणाची घोषणा होताच कार्यालयाने आपल्याकडील यादीतून जुन्या बँकेची चार अक्षरे असलेले सर्व क्रमांक वेगळे काढावेत. ही चार अक्षरे शोधली की बाधित खाती एकत्र सापडतात. त्यानंतर प्रत्येक खातेदाराकडून नव्या पासबुकाची किंवा रद्द केलेल्या नव्या धनादेशाची प्रत घ्यावी आणि जुनी प्रत नस्तीतून न काढता तिच्यावर ‘बदललेली’ असा शेरा मारावा. नव्या धनादेश पुस्तकाची मागणी अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबवू नये. दिलेले, पण अद्याप न वटलेले धनादेश बँक ताळमेळ पत्रकावरून काढून संबंधितांना मुदत कळवावी.

या काळात दूरध्वनीवरून आयएफएससी बदलून देण्याच्या निमित्ताने ओटीपी किंवा कार्डावरील क्रमांक विचारले जाण्याचा संभव असतो. आयएफएससी हा शाखेचा उघड क्रमांक आहे, तो जाणून घेण्यासाठी कोणतीही गुप्त माहिती द्यावी लागत नाही. अशी माहिती मागणारा बँकेचा माणूस नव्हे, असेच समजावे.

महाराष्ट्रात १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक ही राज्यासाठी एकच ग्रामीण बँक अस्तित्वात आली. प्रत्येक विलीनीकरणातील मुदती निराळ्या असतात आणि त्या संबंधित बँकेच्या सूचनेवरूनच पाहाव्या लागतात. त्या सूचनेत विलीनीकरणाची तारीख आणि जुने क्रमांक बंद होण्याची तारीख या दोन्ही शोधाव्यात, आणि कार्यालयाच्या दिनदर्शिकेत दुसरी तारीख ठळकपणे लिहून ठेवावी.