माफीचा ईमेल : चूक केवढी, शब्द केवढे?

प्रश्न : लातूरच्या डाळमिलमध्ये मी हिशेब पाहते. नांदेडच्या व्यापाऱ्यांच्या बिलात क्विंटलमागे १०० रुपये जास्त लागले. एरवी मेलमध्ये ‘सॉरी’ लिहिते. इथे ‘क्षमस्व’ पुरेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, शब्द जड केल्याने माफी पुरी होत नाही. फाइल जोडायची राहिली, तर ‘नजरचुकीने राहिली, सोबत पाठवते’ एवढं पुरे. उत्तराला उशीर झाला, तर ‘दिलगीर आहे’.

इथे पैशांचा मामला आहे. ‘दर चुकीचा लावला गेला’ असं लिहिलं, की चूक कुणाचीच उरत नाही! त्याऐवजी, बिल समजा ५० क्विंटलचं असेल, तर लिहा : ‘५० क्विंटलच्या बिलात आम्ही क्विंटलमागे १०० रुपये जास्त लावले. चूक आमची, माफी मागतो. ५,००० रुपयांची क्रेडिट नोट सोबत आहे.’

जीएसटी लावला असेल, तर नोटेत तोही धरा. जुनंच बिल खाडाखोड करून मात्र पुन्हा पाठवू नका.