काळाच्या क्रमाकडून वाटेच्या क्रमाकडे

किला गेट, ग्वाल्हेर



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील साठ स्लाइडांचे सादरीकरण कालानुक्रमे रचलेले आहे, आणि आता ते किला गेटपासून गड चढणाऱ्या पाहुण्यांसाठी वाटेच्या क्रमाने लावायचे आहे. हे काम दिसते त्याहून अवघड आहे, कारण या किल्ल्यावर काळ आणि वाट बहुतांशी एकमेकांच्या उलट चालतात. पायथ्याचा आलमगिरी दरवाजा 1660 मधला, म्हणजे सादरीकरणात शेवटाकडे असलेला, पण पाहुण्याला तोच सर्वप्रथम भेटतो. त्यानंतर राजा मानसिंह तोमराच्या काळचा गुजरी महाल लागतो, आणि चढणीच्या मध्यावर, शून्याचा अंक कोरलेल्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेले, इसवी सन 876 चे चतुर्भुज मंदिर येते. अशा वेळी डावीकडच्या अरुंद पट्टीतून एकेक स्लाइड वरखाली ओढत बसणे व्यर्थ होय, कारण तेथे एका वेळी मोजक्याच स्लाइडा दिसतात आणि संपूर्ण रचना नजरेत येत नाही.

प्रथम मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने जतन करावी आणि पॉवरपॉइंटच्या `View` या टॅबमधून `Slide Sorter` निवडावे. या दृश्यात सर्व स्लाइडा लहान आकारात ओळीने मांडल्या जातात, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातील झूमची पट्टी अशी ठेवावी की निदान प्रत्येक स्लाइडचे शीर्षक वाचता यावे. शीर्षकात स्थळाचे नाव नसेल तर ते आधी घालावे. चित्र पाहून दरवाजे ओळखण्याच्या प्रयत्नात सर्वाधिक वेळ जातो.

त्यानंतर वाटेतील पहिल्या स्थळापासून आरंभ करावा. आलमगिरी दरवाजाच्या स्लाइडा सादरीकरणात जेथे जेथे विखुरलेल्या असतील तेथे तेथे `Ctrl` दाबून त्या निवडाव्यात आणि सर्व मिळून अगदी शेवटी ओढून न्याव्यात. त्या तेथे एकत्र पडतात आणि त्यांचा आपसातील क्रम कायम राहतो. मग त्यांतील पहिल्या स्लाइडवर उजवी कळ दाबून `Add Section` निवडावे व स्थळाचे नाव द्यावे. सेक्शन म्हणजे स्लाइडांच्या गटाला दिलेले नाव. ते केवळ रचनाकाराला दिसते, प्रेक्षकांना नव्हे. हीच कृती गुजरी महाल, चतुर्भुज मंदिर, हत्ती पोळ, मान मंदिर, सास-बहू मंदिर आणि तेली मंदिर या क्रमाने करीत गेल्यास गट वाटेच्या क्रमानेच लागत जातात, आणि ज्या स्लाइडांना जागा मिळालेली नाही त्या आपोआप आरंभी शिल्लक राहतात. त्या `Default Section` या नावाखाली दिसतात. मुखपृष्ठ आणि नकाशा तेथेच शोभतात. उरलेल्यांपैकी प्रत्येकीला स्थळ द्यावे किंवा ती वगळावी.

गट तयार झाले की कोणत्याही शीर्षकावर उजवी कळ दाबून `Collapse All` निवडावे. स्लाइडा मिटून केवळ नावे आणि त्यांपुढील स्लाइडसंख्या उरतात, त्यामुळे साठ स्लाइडांऐवजी आठ ओळींचा विचार करावा लागतो. काही पाहुण्यांना उतरणीची वाट दाखवायची असल्यास शीर्षक ओढून संपूर्ण गट हलवता येतो. वगळलेल्या स्लाइडा धरून संख्यांची बेरीज मूळ संख्येशी जुळते की नाही, हेही येथेच पडताळावे. या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे: `Remove Section` हा पर्याय केवळ नाव काढतो, तर `Remove Section & Slides` त्यातील स्लाइडाही नाहीशा करतो, चुकून तसे घडल्यास तत्काळ `Ctrl+Z` दाबावे.

तथापि हलवलेली स्लाइड आपला मजकूर बदलत नाही, आणि खरा दोष तेथेच उद्भवतो. जुन्या क्रमात मानसिंहाचा परिचय मान मंदिराच्या स्लाइडवर होता, परंतु वाटेत गुजरी महाल आधी येत असल्याने राजाचे नाव परिचयाविनाच उच्चारले जाईल. म्हणून ती परिचयाची स्लाइड गुजरी महालाच्या गटाच्या आरंभी आणावी लागते. त्याचप्रमाणे ‘यानंतरच्या शतकात’, ‘आधी पाहिल्याप्रमाणे’ अशी वाक्ये, हाताने टाकलेले स्लाइड क्रमांक आणि अनुक्रमणिका जुन्याच क्रमावर राहतात. मागील स्लाइडच्या आधाराने चित्र सरकवणारा `Morph` हा परिणाम जोडी तुटल्यास अर्थहीन ठरतो.

म्हणून `Expand All` करून, प्रत्येक गटाची पहिली आणि शेवटची स्लाइड मोठी करून वाचावी, कारण क्रम बदलल्याने येणारे तुटलेपण बहुधा गटांच्या सीमेवरच आढळते; आणि ते वाचन पूर्ण झाल्याशिवाय सादरीकरण पाहुण्यांपुढे नेऊ नये.